वाटीभोवतीचं दुखणं आणि धावण्याचा हिशेब (प्रस्तावना)

गुडघा नेमका कुठे दुखतो, असं विचारलं की काही धावपटू एका बोटाने जागा दाखवतात. काही जण मात्र सगळा तळवा गुडघ्यावर ठेवून गोल फिरवतात आणि म्हणतात, "इथेच कुठेतरी, वाटीच्या आसपास, आतमध्ये." ही पुस्तिका या दुसऱ्या गटासाठी आहे.

त्यांची बाकीची हकिगतही बरीचशी सारखी असते. पडल्याचं किंवा पाय मुरगळल्याचं आठवत नाही. सपाट रस्त्यावर चालताना फारसं काही होत नाही. जिना उतरताना, उकिडवं बसून उठताना, सिनेमा संपल्यावर खुर्चीतून उभं राहताना किंवा गाडीत बराच वेळ गुडघा दुमडून बसल्यावर वाटीमागे दुखू लागतं. धावायला सुरुवात केली की पहिला किलोमीटर जाणवतं, मध्येच विरल्यासारखं होतं आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर पुन्हा डोकं वर काढतं. डॉक्टर याला पटेलोफिमोरल पेन म्हणतात. पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी, फीमर म्हणजे मांडीचं हाड आणि या दोघांच्या सांध्याभोवतीचं हे दुखणं. धावणाऱ्यांमध्ये ते इतकं आढळतं की इंग्रजीत त्याला 'रनर्स नी' असंच नाव पडलं आहे.

यावर लोक सहसा दोनपैकी एक उपाय करतात. काही जण महिना-दीड महिना धावणं पूर्ण बंद करतात, दुखणं थांबलं की जिथे सोडलं होतं तिथूनच सुरू करतात आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा दुखणं घेऊन येतात. काही जण नी-कॅप चढवतात, शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतात आणि धावत राहतात. वरवर हे दोन मार्ग उलट दिसले तरी दोन्हींत एकच प्रश्न विचारायचा राहून जातो: आज या गुडघ्याला किती काम झेपतं? आणि आपण त्याला किती देतो आहोत? बहुसंख्य धावपटूंमध्ये हे दुखणं काम आणि सहनशक्ती यांच्यातल्या तफावतीतून येतं. ही तफावत मोजता येते, कमी करता येते आणि त्यासाठी धावणं पूर्ण थांबवावंच लागतं असं नाही, हे मला या पुस्तिकेत सांगायचं आहे.

वाटीवर भार कसा येतो, ते आधी समजून घेऊ. मांडीचा पुढचा मोठा स्नायू वाटीला वरून धरतो आणि वाटीखालचा जाड पट्टा तिला नडगीच्या हाडाशी जोडतो. गुडघा सरळ असताना वाटी जवळजवळ मोकळी असते, बोटांनी हलवली तर हलते. गुडघा वाकलेला असताना मांडीचा स्नायू जोर लावतो, तेव्हा वरून आणि खालून एकदम ओढ बसते आणि वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेत दाबली जाते. गुडघा जितका जास्त वाकलेला आणि स्नायूचा जोर जितका मोठा, तितका हा दाब मोठा. सपाटीवर चालताना तो साधारण शरीराच्या वजनाइतका असतो. जिन्यावर तो सुमारे तिप्पट होतो. धावताना प्रत्येक पावलाला चार ते सहा पट होतो. उतारावर धावताना मांडीचा स्नायू ब्रेकसारखा काम करतो आणि तेही गुडघा जास्त वाकलेला असताना, म्हणून तिथे दाब आणखी वाढतो. जिना उतरताना का दुखतं आणि सपाटीवर चालताना का नाही, याचं उत्तर इथे मिळतं.

दाब येतो म्हणून सांधा झिजतो आणि झिजतो म्हणून दुखतो, हा समज फार रुजलेला आहे. "वंगण संपलं", "वाटी घासली गेली" अशी वाक्यं ऐकून अनेकांनी कायमचे बूट काढून ठेवले आहेत. याबाबत सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिशल्यविशारद स्कॉट डाय यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी सांध्याच्या आतला भाग बधिर न करता स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि आतल्या एकेका भागाला सळईने स्पर्श केल्यावर काय जाणवतं याची नोंद केली. वाटीच्या मागच्या कुर्चेवर सळई दाबली तेव्हा त्यांना वेदना झालीच नाही. वाटीखालच्या चरबीच्या गादीला आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला नुसता स्पर्श झाला तेव्हा मात्र तीव्र वेदना झाली.

कुर्चेत वेदनेच्या नसा नसतात, हे शरीरशास्त्राला आधीपासून ठाऊक होतं. डाय यांच्या प्रयोगामुळे वाटीभोवतीचं दुखणं कुठून येऊ शकतं याची दिशा मिळाली: चिडलेलं अस्तर, सुजलेली चरबीची गादी, कुर्चेखालचं ताणलेलं हाड. या गोष्टी चिडतात तशा निवूही शकतात. पुढे एमआरआय वापरून झालेल्या अभ्यासांतही हे दुखणं असलेल्या आणि नसलेल्या तरुण माणसांच्या कुर्चेत फारसा फरक आढळला नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'कॉन्ड्रोमलेशिया' हा शब्द दिसला तर तेवढ्यावरून धावणं सोडण्याचा निर्णय घेऊ नये. गुडघा वाकवताना होणाऱ्या कडकड आवाजाचंही तसंच आहे. सूज किंवा वेदना नसेल तर त्या आवाजाला फारसा अर्थ नाही. छंद म्हणून धावणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याच्या संधिवाताचं प्रमाण न धावणाऱ्यांपेक्षा कमीच आढळतं, असं 2017 साली अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या पाहणीत दिसलं आहे.

डाय यांनीच आणखी एक कल्पना मांडली. प्रत्येक सांध्याची त्या-त्या काळापुरती एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आत कितीही वेळा काम केलं तरी सांधा स्वतःला सांभाळून घेतो. मर्यादेच्या बाहेर गेलं की उती चिडतात आणि चिडल्यावर मर्यादा स्वतःच आक्रसते. कालपर्यंत दहा किलोमीटर सहज झेपत होते आणि आज घरचा जिनाही झेपत नाही, असं का होतं ते यातून कळतं. याच कल्पनेतून उपचारही निघतो. आक्रसलेल्या मर्यादेच्या आत या, तिथे नियमित काम करत राहा आणि मर्यादा हळूहळू बाहेर ढकला. पूर्ण विश्रांतीने चिडचिड शमते, पण स्नायू आणि सांध्याची तयारीही त्याच काळात कमी होते. दीड महिन्याच्या सुट्टीनंतर परतलेला धावपटू म्हणूनच पुन्हा अडकतो.

हे प्रत्यक्षात किती चालतं, याची चांगली तपासणी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात लाव्हाल विद्यापीठातल्या संशोधकांनी केली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वाटीभोवती दुखणारे 69 धावपटू होते. त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला फक्त भार कसा सांभाळायचा ते शिकवलं. दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम दिले. तिसऱ्याला त्याबरोबर धावण्याची ढब बदलायला शिकवलं. आठ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले आणि जवळपास सारखेच सुधारले. विसाव्या आठवड्यातही चित्र तसंच होतं. व्यायाम निरुपयोगी आहे असा याचा अर्थ मी लावत नाही. भाराचं गणित जमलं तर धावपटूच्या सुधारणेचा मोठा वाटा तिथूनच येतो आणि ते जमलं नाही तर बाकीच्या उपायांना उभं राहायला जागा उरत नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो.

त्या धावपटूंना शिकवलेला नियम मी माझ्याकडे येणाऱ्यांनाही सांगतो, कारण तो वहीच्या एका ओळीत मावतो. शून्य म्हणजे अजिबात न दुखणं आणि दहा म्हणजे कल्पनेतली सर्वांत वाईट वेदना, असं धरून तीन वेळा अंक लिहायचा. पहिला धावताना: तो दोनच्या वर जाऊ नये. दुसरा धाव संपल्यावर तासाभराने: दुखणं धावण्याआधी होतं तिथपर्यंत खाली आलेलं असावं. तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच जिन्यावरून उतरताना: तो आदल्या सकाळपेक्षा जास्त नसावा. तिन्ही अंक हद्दीत असतील तर कालचं काम झेपलं. यात सकाळचा अंक सर्वांत बोलका असतो. धावताना शरीर तापलेलं असतं, सोबत मित्र असतात, मन शर्यतीत गुंतलेलं असतं आणि वेदना दबते. चिडलेलं अस्तर आपला निकाल बऱ्याचदा काही तासांनी देतं. गोळी घेऊन धावू नका असं मी आग्रहाने सांगतो, तेही यासाठीच. गोळीने अंक खाली येतो आणि निर्णय ज्याच्यावर घ्यायचा तेच माप खोटं ठरतं.

एक उदाहरण सविस्तर पाहू. अनेकांच्या वह्यांतल्या नोंदी एकत्र करून मी ते बेतलं आहे.

पुण्यातली बेचाळीस वर्षांची एक बँक कर्मचारी सहा महिने नियमित धावते आहे. मंगळवारी 6, गुरुवारी 6 आणि रविवारी 10, असे आठवड्याला 22 किलोमीटर. वेग किलोमीटरला सात मिनिटं. तिने सप्टेंबरमधल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं. या शर्यतीचा पहिला निम्मा भाग यवतेश्वरच्या घाटाने चढायचा असतो आणि तोच रस्ता उतरून परत यायचं असतं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिने रविवारची धाव 11 किलोमीटरची केली. पुढच्या आठवड्यात एका गटाबरोबर धावायला लागली. गुरुवारचे 6 किलोमीटर टेकडीवर गेले आणि रविवार 16 किलोमीटरचा झाला. जुलैचा पहिला आठवडाही तसाच गेला. त्यानंतरच्या सोमवारी बँकेचा जिना उतरताना डाव्या वाटीमागे दुखलं. अंक 4.

आठवड्याची बेरीज पाहिली तर 23 वरून 28, म्हणजे साधारण बावीस टक्के वाढ. ही वाढ मोठी आहे, पण सगळी गोष्ट तिच्यात दिसत नाही. एका दमात धावलेलं सर्वांत लांब अंतर 11 वरून 16 वर गेलं, म्हणजे पंचेचाळीस टक्के वाढ. ती मिनिटाला 160 पावलं टाकते. 11 किलोमीटरमध्ये एका पायाला सहा हजारांवर पावलं पडत होती, ती 16 मध्ये जवळपास नऊ हजार झाली. वाढलेली पावलं थकलेल्या मांडीने टाकलेली होती. त्यातच टेकडीचा उतार आला, जो तिच्या गुडघ्याने गेल्या सहा महिन्यांत पाहिलाच नव्हता. एकाच आठवड्यात दोन नव्या गोष्टी सुरू झाल्या आणि दोन्हींचा भार वाटीवरच पडला.

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम धावपटूंच्या तोंडी असतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन इथे नवोदित धावपटूंवर 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला दहा टक्क्यांच्या धोरणाने तेरा आठवडे तयार केलं आणि दुसऱ्याला नेहमीच्या पद्धतीने आठ आठवडे. दुखापती दोन्ही गटांत जवळपास सारख्याच, दर पाच जणांत एकाला झाल्या. 2025 साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळातल्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकेका धावेकडे बोट गेलं. मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा एखादी धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली की पुढच्या दुखापतीची शक्यता वाढत होती. हा अभ्यास सगळ्या प्रकारच्या दुखापतींचा आहे, फक्त वाटीचा नाही. तरीही आपल्या बँक कर्मचारी बाईंची वही वाचताना तो उपयोगी पडतो. त्यांचा 16 किलोमीटरचा रविवार त्यात लगेच नजरेत भरतो.

आता त्यांनी काय करायचं? टेकडी आणि रविवारची लांब धाव थांबवायची. तीन दिवसांऐवजी चार दिवस धावायचं, दर वेळी फक्त 4 किलोमीटर, सपाटीवर, चार मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं अशा पाळीने. आठवड्याचे 16 किलोमीटर. एकाच धावेतला भार घटतो, दोन धावांमध्ये गुडघ्याला निवायला वेळ मिळतो आणि धावण्याची सवयही सुटत नाही. पहिल्या आठवड्यात धावताना अंक 2 राहिला आणि सकाळच्या जिन्यावर 2. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळचा अंक 1 झाला. तिसऱ्या आठवड्यात अंतर तेवढंच ठेवून चालण्याची मिनिटं काढून टाकली. चौथ्यात 4, 5, 4, 6. पाचव्यात 5, 5, 4, 7. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे अंक वाढलाच तर कशामुळे ते कळतं.

सहाव्या आठवड्यात रविवारी 8 किलोमीटर ठरले होते. वाटेत जुनी मैत्रीण भेटली आणि 9 किलोमीटर झाले, तेही किलोमीटरला सहा मिनिटांच्या वेगाने. धावताना अंक 4, सोमवारी जिन्यावर 4. अशा वेळी बहुतेक जण सगळं मुसळ केरात गेलं असं समजून पुन्हा महिनाभर घरी बसतात. त्यांनी तसं केलं नाही. दोन दिवस फक्त चालल्या. बुधवारी पुन्हा चार मिनिटं-एक मिनिट अशा पाळीने 4 किलोमीटर केले. अंक 1 आला. सातव्या आठवड्यात चौथ्या आठवड्याचं वेळापत्रक, आठव्यात पाचव्याचं. नवव्यात रविवार 8 किलोमीटरचा झाला आणि दहाव्यात 10, जुन्याच वेगाने. नव्या अंतरापेक्षा ओळखीच्या अंतराकडे परतणं शरीराला सोपं जातं, म्हणून हा शेवटचा टप्पा थोडा मोठा घेता आला. सहाव्या आठवड्यातली चूक त्यांना साधारण तीन आठवड्यांना पडली, पण त्या पुन्हा शून्यावर गेल्या नाहीत.

तोपर्यंत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडला होता. साताऱ्याची शर्यत त्यांनी आधीच सोडून दिली होती. या पुस्तिकेतला कोणताही नियम दहा आठवड्यांच्या दुरुस्तीनंतर घाटाचा दहा किलोमीटर उतार झेपेल असं आश्वासन देत नाही. उताराची तयारी त्यांनी त्यानंतर सुरू केली: आधी टेकडी धावत चढून चालत उतरायचं, मग सौम्य उतारावर पाचशे मीटर धावायचं, मग ते अंतर दर आठवड्याला थोडं वाढवायचं. परत येताना चढ आधी, वेग त्यानंतर आणि उतार सर्वांत शेवटी, हा क्रम वाटीवरच्या दाबाच्या हिशेबातूनच येतो.

वहीत फक्त किलोमीटर लिहून भागत नाही, हेही इथे सांगायला हवं. आपल्याकडे रोजच्या जगण्यात गुडघा खोल वाकवण्याचे प्रसंग भरपूर असतात. जमिनीवर मांडी घालून जेवणं, उकिडवं बसून भांडी घासणं किंवा फरशी पुसणं, भारतीय पद्धतीचा संडास, लिफ्ट नसलेल्या इमारतीचा चौथा मजला, लोकलच्या पुलाचे जिने. गौरी-गणपतीच्या आठवड्यात धावणं कमी झालेलं असतानाही गुडघा दुखला असं सांगणाऱ्या अनेक जणी मला भेटतात. त्यांच्या वहीत त्या आठवड्यात किलोमीटर कमी दिसतात, पण उठबस दुपटीने वाढलेली असते. हे सगळं बंद करा असं सांगणं शक्यही नाही आणि बरोबरही नाही. चिडलेल्या आठवड्यात मात्र त्याची नोंद घ्यावी, भांडी ओट्याजवळ उभं राहून घासावीत, कार्यालयात अर्ध्या-पाऊण तासाने उठून गुडघा सरळ करावा आणि ज्या दिवशी उठबस जास्त झाली त्या दिवशीची धाव लहान करावी.

पावलांची गतीही भार कमी करू शकते. तीस सेकंदांत उजवा पाय किती वेळा टेकतो ते मोजा आणि चारने गुणा, म्हणजे मिनिटाची पावलं मिळतील. वेग तोच ठेवून ही संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली की पाऊल आखूड पडतं, शरीराच्या जवळ पडतं आणि टेकताना गुडघा कमी वाकतो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा टक्के वाढीने वाटीवरचा सर्वोच्च दाब सुमारे चौदा टक्क्यांनी घटला. आपल्या उदाहरणातल्या बाईंनी 160 वरून 168 पर्यंत जायचं, मोबाइलवर तालयंत्र लावून, आधी प्रत्येक धावेतली पाच मिनिटं. पोटरीवर आणि घोट्यावर काम थोडं वाढतं, म्हणून पोटरी आधीच दुखत असेल तर हा बदल सावकाश करावा. ज्यांची पावलं मुळातच भरभर पडतात त्यांना यातून फारसं काही मिळणार नाही.

व्यायामाबद्दल पुढे एक पूर्ण प्रकरण आहे, म्हणून इथे थोडक्यात. या विषयावरच्या संशोधकांची 2015 साली मँचेस्टरमध्ये बैठक झाली. तिथून निघालेल्या निवेदनात खुबा आणि गुडघा दोन्हींच्या स्नायूंचे व्यायाम एकत्र करावेत असा सल्ला आहे. शेक देणारी किंवा विजेवर चालणारी उपकरणं त्यांनी सुचवलेली नाहीत. बुटातल्या खास तळव्यांनी काहींना पहिले काही आठवडे आराम पडतो. माझा भर दोन व्यायामांवर आहे: कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं आणि साधारण वीतभर उंचीच्या पायरीवरून एका पायावर सावकाश खाली उतरणं. दिवसाआड, दहा-दहाचे तीन फेरे. पायरीवरून उतरणं हाही वाटीवरचा भारच आहे, त्यामुळे तोच दोन अंकांचा नियम त्यालाही लावायचा आणि दुखलं तर पायरीची उंची कमी करायची.

आता या पुस्तिकेची हद्द. एका बोटाने वाटीच्या खालच्या टोकावरची जागा दाखवता येत असेल आणि उड्या मारताना तिथेच दुखत असेल, तर तो बहुधा वाटीखालच्या पट्ट्याचा त्रास आहे. त्याचा उपचार वेगळा आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या कडेला, धाव सुरू झाल्यावर ठरावीक अंतरावर दुखू लागत असेल तर तेही दुसरं प्रकरण. गुडघा सुजला असेल, अडकत असेल, पायाखालून निसटत असेल, पडल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, रात्री झोपेतून जागं करत असेल किंवा ताप येत असेल, तर ही पुस्तिका बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावं. हाडाच्या एकाच जागी बोट दाबल्यावर तीव्र दुखत असेल आणि दर धावेला वाढतच जात असेल, तर धावणं तिथेच थांबवून हाडाला चीर गेलेली नाही ना याची तपासणी करून घ्यावी. वाढीच्या वयातल्या मुलाचा गुडघा दुखत असेल आणि तो लंगडत असेल तर त्याचा खुबाही तपासायला हवा, कारण खुब्याचा आजार गुडघ्यात दुखू शकतो. पन्नाशी ओलांडलेल्यांना वाटीमागे खराखुरा संधिवात असण्याची शक्यता जास्त असते. हिशेबाची पद्धत त्यांनाही उपयोगी पडते, पण गती कमी ठेवावी लागते.

हे दुखणं आपोआप आणि लवकर जातं, असंही मी म्हणणार नाही. दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत अनेक रुग्णांना वर्षभरानंतरही त्रास होत असल्याचं आढळलं आहे आणि दुखणं जितकं जुनं तितकं ते हटायला कठीण जातं. म्हणून सकाळच्या जिन्यावर अंक 2 असतानाच वही सुरू करावी. 5 होण्याची वाट पाहू नये.

पुस्तिकेत पुढे चार प्रकरणं आहेत. पहिल्यात नोंदवही कशी ठेवायची, दुसऱ्यात दुखण्याच्या तीव्रतेनुसार सुरुवात कुठून करायची, तिसऱ्यात व्यायाम आणि चौथ्यात चढ, वेग आणि उतार परत कसे आणायचे. दुसरं प्रकरण उघडण्याआधी मागच्या सहा आठवड्यांच्या धावा आठवून किंवा घड्याळातून काढून एका कागदावर मांडा. प्रत्येक आठवड्यातली सर्वांत लांब धाव, सर्वांत जोरात केलेली धाव आणि उतारावरचं अंतर वेगळं लिहा. दुखणं सुरू झालं त्या तारखेच्या आधीच्या तीन आठवड्यांत यांपैकी काय बदललं ते शोधा. बहुतेकांना तिथे एक किंवा दोन उड्या स्पष्ट दिसतील. कोणत्या वेळापत्रकापासून सुरुवात करायची, ते त्या उड्यांवरून ठरवायचं आहे.